सुरमईचा शुक्रवार

सौदीत, यान्बूला शुक्रवारी सुट्टी, म्हणून आमच्याकडे मासे. त्या दुपारी मी सुरमईचे तीन तुकडे खाल्ले. हात धुऊन आलो तेव्हा बायको म्हणाली, "अहो, बसा जरा. बाबा पहाटे गेले. सगळं झालंसुद्धा."

धाकट्या भावाने गावाहून तिला सकाळीच कळवलं होतं आणि उरकल्यावरच मला सांगायला बजावलं होतं. मासे केले नसते तर मला संशय आला असता, असं तिचं म्हणणं.

मी थोरला. अग्नी देणं माझं काम. कंपनीकडून एक्झिट-रीएंट्री व्हिसा घेऊन जेद्दाहून विमान धरलं असतं, तर दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचलो असतो. तोवर देह ठेवायला तालुक्याला शीतपेटी मिळते. मग थांबला का नाहीस, असं भावाला फोनवर विचारलं.

"दादा, एवढी धावपळ कशाला? मनात असलं की झालं. अग्नी कुणी दिला यानं काय फरक पडतो?"

रविवारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या चिनी इंजिनिअरने खोदून विचारलं, तेव्हा सांगितलं. त्याचं घर कन्फ्यूशियन वळणाचं. तो म्हणाला, "आमच्याकडे एक जुनी गोष्ट आहे. शिष्य म्हणतो, आईबापाचा शोक तीन वर्षं कशाला, एक पुरे. गुरू विचारतो, त्या दिवसांत चांगलंचुंगलं खाऊन तुझं मन स्वस्थ राहील? शिष्य म्हणतो, राहील. मग खा, म्हणतो गुरू. शिष्य गेल्यावर गुरू म्हणतो, आईबापांनी आपल्याला तीन वर्षं कडेवर वागवलं, हे हा विसरला."

"मला कुणी विचारलंच नाही. मी नकळत जेवलो."

"शोक पाळणंच तर काढून घेतलं तुझ्याकडून. नुसतं मनातलं दुःख पुरत नाही. विधी नसेल तर ते उभं कुठे राहणार?"

"मग भावाशी संबंध तोडू?"

"धाकटा भाऊ या नात्यानं तो चुकला. तसं सांग त्याला, पण थोरल्यासारखं सांग. तू थोरला आहेस की नाही, हे त्याच्या वागण्यावर ठरत नाही."

"हा कुठला न्याय? पाळायचं ते मीच?"

"हो," तो चहा ओतत म्हणाला. "अवघडच आहे."

दहाव्याला मी नदीवर पोहोचलो. मुंडण करून घेतलं. भाऊ पाटावरून उठला. "दादा, तू बस."

"तसं चालत नाही," गुरुजी म्हणाले. "अग्नी ज्याने दिला, पुढचं सगळं त्यानेच करायचं."

भाऊ माझ्याकडे बघत राहिला. काय फरक पडतो, ते त्याला तेव्हा कळलं असावं. मी म्हटलं, "तू चुकलास. आता बस, ऊन वाढतंय."

तो बसला. त्याने पिंड ठेवले. मी मागे उभा राहून त्याच्यावर छत्री धरली. अजून त्याला माफ केलेलं नाही. दर रविवारी फोन मात्र करतो, जेवलास का विचारतो. शुक्रवारी मासे नकोत म्हटलं, तेव्हापासून बायको वरणभात करते. का, ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.