खांद्यावरच्या चुण्या

सुपातले अर्धे तांदूळ निवडून झाले होते, अर्धे तसेच होते, तेवढ्यात शकुनबाई ओट्यावर येऊन बसली. तिच्या नवऱ्याची, तुलारामची, तेरवी आटोपून आठवडाच झाला होता. रंजिताने सूप बाजूला सरकवले आणि पाणी आणून दिले. शकुनबाईने तांब्या हातात घेतला, पण पाणी काही प्याली नाही.

"बाई, तो पयला फोटो हाये का तुयाजवळ? दोघांचा?"

रंजिता तिच्याजवळ ओट्यावर टेकली.

तुमसरात तिच्या घराच्या पुढच्या खोलीत नवऱ्याचा, अनुपचा, फोटो स्टुडिओ. लग्नाकार्याला अनुप कॅमेरा घेऊन गावोगाव हिंडे आणि कॉम्प्युटरचे काम रंजिता करी. सकाळी देवाजवळ दिवा लावून झाला की ती त्या खुर्चीत बसे. मेलेल्या माणसाचा फोटो आला की आधी हात जोडी, मग माऊस धरी. अनुप हसे, "देवळात आल्यासारखी बसते." ती म्हणे, "हार घालतात त्याले. मंग देवळातलाच झाला ना."

शकुनबाईचा मुलगा विनोद वडिलांचा फोटो घेऊन आला तेव्हाही तिने हात जोडले होते. दिघोरीच्या एका लग्नातला कागदी फोटो होता तो. तुलाराम खुर्चीवर बसलेला, अंगात बारीक निळ्या रेघांचा सदरा. मागे शकुनबाई उभी, आणि तिची चार बोटे त्याच्या डाव्या खांद्यावर.

"वहिनी, आईले काढून टाका. जित्या माणसाचा फोटो हारात नाही चालत. बोटंही काढा. अन् सदरा नीट करा. बाबूजी तांब्यात निखारे घालून स्वतः इस्त्री करत."

रंजिताने फोटो स्कॅन केला. शकुनबाईला कापले, बोटे पुसून तिथे बाजूचे कापड उतरवले. मग मूळ चित्रावर दुसरा लेयर, म्हणजे वेगळा थर, ठेवून सदऱ्याला हात घातला. बसून बसून पोटावर पडलेल्या बारीक सुरकुत्या एकेक करून मिटवल्या. ब्रश रेघांच्या दिशेनेच फिरवला, म्हणजे रेघ तुटत नाही आणि कापडाचा पोत पुसला जात नाही. काळ्या सावल्या नुसत्या फिक्या केल्या. बगलेतून निघणारी मोठी घडी आणि कोपरापाशी वळलेले कापड मात्र राहू दिले. ते काढले की सदरा अंगावर पडलेला वाटत नाही, पत्रा ठोकल्यासारखा दिसतो.

राहिला डावा खांदा. तिथे पाचसहा चुण्या एका जागी गोळा झाल्या होत्या, जणू कोणी कापड मुठीत धरले आहे. हात तर आता नव्हता. विनाकारण ओढलेले कापड विचित्र दिसत होते. तिने त्या चुण्या सोडवल्या, रेघा खांद्यावरून सरळ खाली उतरवल्या. काम झकास झाले. तिने सगळे लेयर एक केले आणि नेहमीच्या सवयीने त्याच नावाने, स्कॅनवरच, सेव्ह केले; मूळ स्कॅन त्यात पुसले गेले.

"आज सकाळी हार बदलवून राहिली होती," शकुनबाई सांगत होती. "खांद्यावर पाहतो तं काहीच नाही. त्या दिवशी फोटोवाला म्हणे, हात ठेवा खांद्यावर. चारचौघात मले लाज वाटे. म्या नुसती बोटं ठेवली नाही, सदराच घट्ट धरला. हे हळूच म्हणत, सोड वं, इस्त्री मोडते. पर हाललेही नाही."

"विनोदभाऊ म्हणे, हात काढा."

"हात काढाचाच होता. म्या धरल्याचं राहू द्यायचं होतं."

"कागदाचा फोटो कुठं आहे?"

"शेजारच्या कौशल्याबाई म्हणे, मेल्याजित्याचा जोडफोटो घरात ठेवू नये. दसव्याले त्यांच्या कपड्यायसंग वैनगंगेत सोडला विनोदनं."

दोघी आत गेल्या. रंजिताने फोल्डर उघडले, कॉम्प्युटरमधली कचऱ्याची पेटीही पाहिली. फाइल एकच होती. तिच्यात तुलाराम ताठ बसला होता आणि खांदा स्वच्छ होता.

"मी पुन्हा काढून देतो, काकू. चुण्या आठवतात मले."

"तू काढशीन त्या तुया हातच्या ना वं." शकुनबाईने पडद्यावरच्या खांद्याकडे बोट नेले आणि काचेला न टेकवता मागे घेतले. "राहू दे. त्यायले नीट सदराच आवडे."

ती गेली. चुण्या कायले पडल्या, एवढे विचारायला फक्त बाजूच्या गल्लीत, शकुनबाईच्या घरी, जावे लागले असते, हे रंजिताला संध्याकाळी दिवा लावताना पुन्हा पुन्हा आठवले. मूळ फोटो वेगळा ठेवण्याची इतक्या वर्षांत तिला कधी गरजच वाटली नव्हती. देवापुढे काय मागावे तेही सुचेना. सुपातले तांदूळ तसेच पडून होते.

दुसऱ्या दिवशी अनुपचा डबा भरून झाल्यावर तिने पिशवी घेतली आणि मूळ फोटोंसाठी पेनड्राइव्ह आणायला बाजारात गेली.