पुठ्ठ्याची तलवार

इरफान तांबोळीला ‘भाई’ म्हटलेलं खपत नसे. जळोचीतली शाळेची पोरं त्याला काका म्हणत आणि तेवढ्यावर गडी समाधानी होता. मूळचा सणसरचा. आधी उसाचा ट्रॅक्टर चालवला, मग भाजीचा टेम्पो, आणि शेवटी शाळेची पिवळी गाडी हाती आली. या गाडीसाठी त्यानं पोलीस पडताळणीचा कागद मिळवला, डोळे तपासून घेतले, तंबाखू सोडली. तंबाखूचं तर बायकोलाही खरं वाटेना. पोर दारातून आत जाऊन आई दिसेपर्यंत गाडी जागची हलायची नाही, हा त्याचा नेम. आयांनी मान डोलावली की तो पुढं निघायचा. त्या मान डोलावण्यावरच त्याचं घर चाललं होतं, आणि हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

रविवारी दुपारी तो गाडी धूत होता आणि खिशातला फोन थरथरायला लागला. थांबेचना. ओल्या हातानंच त्यानं बघितलं. सणसरच्या सुयोगनं त्याला एका फोटोत टॅग केलं होतं.

सुयोग म्हणजे लंगोटीयार. डाळिंबाची बाग, भलतं मोकळं मन आणि त्याहून मोकळं तोंड. त्याला फेसबुकनं जुनी आठवण दाखवली आणि या बहाद्दरानं ती तशीच पुढं ढकलली, वर ‘आमचा भाई, नाद करायचा नाय’ असं लिहून. फोटोत एकोणीस वर्षांचा इरफान. केसांना मेंदीचा भगभगीत रंग, डोळ्यांवर कुणाच्या तरी बहिणीचा गॉगल, अंगात बनियन, मोटारसायकलच्या सीटवर केक, आणि तो कापायला हातात तलवार. तलवार शाळेच्या गॅदरिंगची, पुठ्ठ्याची, वर चंदेरी कागद. पण फोटो असला धुरकट की ते फक्त तिथं उभं राहिलेल्यालाच कळावं.

इरफानला आधी हसू आलं. मग त्यानं खालच्या कमेंट वाचल्या आणि हसू जिथल्या तिथं विरलं.

ओळखीच्यांनी हसरी तोंडं टाकली होती, त्याचं काही नाही. पण मधूनमधून अनोळखी नावं होती. एकानं विचारलं होतं, ‘हा कुठला?’ दुसऱ्यानं लिहिलं होतं, ‘नाव वाचा म्हणजे कळेल.’ सुयोगचं खातं सगळ्यांसाठी उघडं असायचं. डाळिंबाचे व्यापारी तिथंच माल बघत, म्हणून तो काही म्हणता काही झाकून ठेवत नसे. बागेचा फोटो जिथं जायचा, तिथंच मित्राचाही गेला. आठवणीवरची जुनी तारीख बारीक अक्षरात कोपऱ्यात होती. ती कोण वाचतंय! हल्ली तलवारीनं केक कापणारी पोरं पोलीस उचलतात, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत. 

त्यानं सुयोगला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. गडी इंदापूरच्या बाजाराला क्रेट भरत असणार आणि फोन ट्रॅक्टरच्या डब्यात.

मग इरफाननं फोटोखालीच लिहिलं, ‘ताबडतोब काढ. लाज वाटत नाही का?’ शबीना, त्याची बायको, मागून वाचत होती. तो पाठवणार, एवढ्यात तिनं फोनच काढून घेतला.

“अवो, आसं लिवलं तर लोक म्हनतील, ह्याला लपवायचं हाय कायतरी. आन सुयोगभाऊजींचं मन मोडंल ते येगळंच.”

“मग काय, हसत बसू?”

“आदी हसा. मग सांगा. पन काय पायजे ते नीट सांगा. नुसतं हसलात तर त्यास्नी वाटंल, आवडलाय फोटो.”

इरफान बसला आणि विचार करून लिहू लागला. दोनदा खोडलं. अखेर मजकूर असा झाला:

‘सुयोग्या, त्या पुठ्ठ्याच्या तलवारीचा चंदेरी कागद तूच चिकटवलावतास, आन केक कापताना ती वाकडी झालीवती, ते बी सांग की लोकांना! पोरगी विचारतीय, ह्यो जोकर कोन. हसून घे लेका, मी बी हसतोय. पन आता लोकांची लेकरं माझ्या गाडीत बसत्यात. तवा फोटो खाली घे आन ग्रुपवर आपल्या चौघांत टाक. फुडच्या बारीला टाकायच्या आदी एक फोन. डाळिंबं घेऊन ये, भांडन मिटलं.’

शबीनानं वाचलं, म्हणाली, “आता बरं वाटतंय.” हेच त्यानं सुयोगला व्हॉट्सअॅपवरही पाठवलं, कारण शंभर कमेंटींत ते हरवलं असतं. मग फोटोवरची तीन टिंबं दाबून स्वतःचा टॅग काढला. इथून पुढं कुणी टॅग केलं तर आधी आपल्याला विचारलं जावं, तीही सेटिंग केली. टॅग गेला, नाव निळ्याचं काळं झालं. फोटो मात्र होता तिथंच. तो सुयोगचा होता, त्यावर इरफानचं काही चालत नव्हतं. आणि एक गोष्ट त्याच्या ध्यानात उशिरा आली. त्याच्या कमेंटला लोकांनी हसून उत्तरं दिली, तसा तो फोटो पुन्हा वर आला. आग विझवायला टाकलेलं पाणी तेलासारखं भडकत होतं.

संध्याकाळी त्याला कुणाचा फोन आला नाही. हे नवलच होतं. रविवारी संध्याकाळी आयांचे निरोप यायचेच, उद्या पोरगं येणार नाही, उद्या डबा विसरला तर थांबा. त्या दिवशी एकही नाही. शबीनानं भाकरी वाढली, तो अर्धीच खाऊन उठला. खरं सांगायचं तर तो भ्याला होता.

सोमवारी सकाळी पहिल्या दारात त्यानं हॉर्न दिला. मोना बाहेर आली, पण तिचं पोरगं दप्तर घेऊन आत उंबऱ्यावरच उभं. हीच मोना गाडी थोडी लवकर आली तर चहाचा कप हातात द्यायची.

“दादा, आज ह्यांनाच तिकडं जायचं हाय, ते सोडतील,” ती म्हणाली. त्याच्याकडं न बघता.

“ताई, तो फोटो…”

“मला म्हाईत हाय वो, तुमी तसलं न्हाय. पन ग्रुपवर आलाय.” तिनं फोन पुढं केला. पालकांच्या ग्रुपवर फक्त चित्र होतं. वरची जुनी तारीख कापलेली. सुयोगचं नाव कापलेलं. खालची पुठ्ठ्याची गोष्ट, जोकर, डाळिंबं, सगळं कापलेलं. उरला होता एक रंगलेल्या केसांचा माणूस आणि तलवार. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘आपल्या मुलांचा ड्रायव्हर.’

“ती पुठ्ठ्याची हाय, ताई.”

“आसंल,” मोना म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पुढच्या दारात कुणी बाहेरच आलं नाही. त्याच्या पुढच्या दारात एक आजोबा हात हलवून जा म्हणाले. गाडी चालत होती आणि मागून नेहमीचा कालवा येत नव्हता. शाळेच्या कार्यालयाचा फोन आला: गाडी लावून किल्ली आत द्या, दोन-चार दिवस बदली माणूस ठेवतो, मनाला लावून घेऊ नका.

तेवढ्यात सुयोगचा फोन. आवाज नेहमीसारखा मोठा, आनंदी.

“इरफान्या, आत्ता बघितलं रं! काडला बघ फोटो. तुजं म्हननं पटलं, आदी इचारायला पायजे हुतं. चुकलं माजं. दुपारी डाळिंबं घिऊन येतो. आता तर खूश?”

समोरून मोनाच्या नवऱ्याची दुचाकी गेली. मागं बसलेल्या पोरानं काकाची गाडी ओळखली आणि हात वर केला. बापानं मागं न बघता तो हात धरून खाली ओढला.

“व्हय,” इरफान म्हणाला, “खूश.”