आपांचं विमान

ओझरहून निघालेलं विमान शाळेवरून गेलं की अख्खा वर्ग खिडकीकडे धावायचा. आपा कुणाला रागवायच्या नाहीत. खडू खाली ठेवून विचारायच्या, "आता हे वळेल. कोणता पंख खाली जाईल?" काचा थरथरत असायच्या आणि या बाई उत्तराची वाट बघत उभ्या. "आवाज काय, इंजिन करतं. तुम्ही त्याला वळताना बघा," म्हणायच्या. आम्ही नाशिकची मुलं, त्या आवाजाला सरावलेली. पण विमानाकडे बघायचं कसं, ते आपांनी शिकवलं.

त्या मूळच्या मालेगावच्या, विणकरांच्या घरातल्या. आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. त्यांच्या टेबलावर कायम टूथपेस्टचा एक रिकामा खोका असायचा, दोन्ही टोकं उघडलेला. तो हातात धरून त्या उलटसुलट पिळायच्या. एका टोकाची कड वर जायची, दुसऱ्या टोकाची खाली. "पहिलं विमान उडवणाऱ्या दोघा भावांचं सायकलचं दुकान होतं. सायकलच्या ट्यूबचा असा खोका हातात पिळताना त्यातल्या एकाला सुचलं, की पंखसुद्धा असे पिळता येतील. ज्या बाजूचा पंख वाऱ्याला जास्त तोंड देईल, ती बाजू वर उचलली जाईल." हे त्या दरवर्षी सांगायच्या, आणि दरवर्षी आदल्या दिवशीच सुचल्यासारखं सांगायच्या.

शाळा सुटली, मी शिवणकामात पडले आणि कॉलेज रोडला माझं ब्लाउजचं दुकान झालं. निवृत्तीनंतर एक दिवस आपा बगलेत मलमलीचं ठाण घेऊन दुकानात आल्या. त्या भावांच्या विमानाची प्रतिकृती बनवायची होती, दोन माणसं आडवी निजतील एवढ्या पंखांची. पट्ट्या बांबूच्या, कापड मी शिवायचं. मी सवयीने कापड सरळ धाग्यावर लावायला घेतलं.

"उरेब लाव, बेटा."

"फुकट जाईल की निम्मं कापड."

"जाऊ दे. तिरक्या धाग्यांनी सांगाडा आवळून धरला जातो. त्या भावांनीही तसंच लावलं होतं." विणकराच्या मुलीशी कापडावरून वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी उरेब लावलं.

तेव्हाच माझं त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं. दोन्ही हात थरथरत होते, आणि काही धरायला गेलं की थरथर वाढायची. मी बघतेय हे त्यांना कळलं. "ताकद आहे अजून. ताबा नाही राहिला," त्या म्हणाल्या. "विमान मी बनवीन. रिमोट तू धरायचा." उन्हाळा संपला की भाचा त्यांना कायमचा मालेगावला नेणार होता. त्याआधी हे विमान एकदा आपल्या बळावर उडून धड खाली उतरलेलं त्यांना बघायचं होतं. दुसरं काही मागणाऱ्या त्या नव्हत्याच.

त्र्यंबकच्या रस्त्याला नामदेवभाऊंचं पडीक शेत होतं, वारा भरपूर आणि शेजारी टेकडीचा उतार. बॅटरीची मोटर पहिल्या दिवसापासून पिशवीत तयार होती, पण आपा ती बाहेर काढू देईनात. आधी विमान पतंगासारखं दोरीवर उडवायचं. मग टेकडीवरून बिनमोटरचं सोडायचं, पुन्हा पुन्हा. मी रिमोटवरून तारा ओढायची, पंख पिळले जायचे. नामदेवभाऊ कंटाळले. "आपा, मोटर लावा की आता. लय दिस झाले, नुसतं घसरतंय."

"भाऊ, बैल उधळला की ताकद कमी असते का त्याच्यात?"

भाऊंना ते पटलं. मला पटत नव्हतं. माझं लक्ष कॅलेंडरकडे होतं. उन्हाळा चालला होता, आणि आपा उतारावर बसून इतिहास सांगत होत्या. एका मोठ्या विद्वानाने सरकारी पैशातून पन्नास घोड्यांचं इंजिन केलं, आणि त्याचं यंत्र दोनदा नदीत कोसळलं. दुसऱ्या देशातला एकजण पंख बांधून टेकडीवरून झेपावायचा आणि नुसतं अंग हलवून तोल सांभाळायचा. वाऱ्याच्या एका झोतात ते पुरलं नाही आणि जिवानिशी गेला. या भावांच्या इंजिनला जेमतेम बारा घोडे. हवेबद्दलची जुनी कोष्टकं जुळेनात, म्हणून त्यांनी खोक्यात पंखा लावून बोटाएवढे पंख तपासले. पंखांचा आकार जमला. पुढे ढकलणारा पंखा म्हणजे गोल फिरणारा पंखच, हेही त्यांनीच ओळखलं. म्हणून लहान इंजिनात भागलं. "पण त्याआधी टेकडीवरून किती वेळा घसरले असतील! सायकल शिकताना आधी तोलच शिकतो ना आपण?"

एका दुपारी विमान डावीकडे कलंडलं. डावा पंख उचलायला मी तो पिळला, तर ते सावरण्याऐवजी डावीकडेच गरगरत जमिनीत घुसलं. नाकापुढची आडवी फळी मोडली. मला रडू आलं. आपांनी मोडका भाग मांडीवर घेतला.

"त्या भावांचंही असंच व्हायचं. विहीर खोदणं म्हणायचे ते याला. काय झालं सांग."

मी विचार करत राहिले. जो पंख जास्त उचलतो, त्याला हवा मागेही जास्त ओढते. डावा पंख रेंगाळला, उजवा पुढे गेला, विमान डावीकडे घसरलं. आणि मागचं उभं शेपूट पक्कं बसवलेलं. बाजूने आलेली हवा त्याच्यावर आदळली आणि तिने नाक आणखी डावीकडे फिरवलं.

"शेपूट हलायला पाहिजे," मी म्हणाले.

आपा हसल्या. शेपटाची बिजागरी त्यांनी आधीच बसवून ठेवली होती, फक्त खिळ्याने जखडली होती. मी चिडले. दिवस कमी असताना हे कशाला? "सांगितलं असतं तर तू लक्षात ठेवलं असतंस. आता तुझ्या हाताला कळलंय." त्या दिवशी आम्ही शेपटाची तार पंखांच्या तारेला जोडली. पंख पिळला की शेपूट आपोआप वळायचं आणि रेंगाळणारा पंख सावरायचा.

एक खोड राहिली. नाक वरखाली करणारी फळी त्या विमानात पुढे असते, आणि फार हळवी असते. जरा ओढली की विमान उसळायचं, दाबली की बुडी मारायचं. मी घाबरून बोटं आवळायची. आपा मागून म्हणायच्या, "घट्ट धरू नकोस. घट्ट धरलंस की जास्त हलतं."

भाचा न्यायला आला त्याच्या आदल्या दिवशी मोटर लावली. सपाट जमिनीवर लाकडी पट्टी टाकली. उताराची मदत घ्यायची नाही, ही आपांची अट. समोरून वारा होता. विमान पट्टीवरून धावलं आणि उठलं. दोनदा उसळलं, मी बोटं सैल केली. डावा पंख खाली गेला, मी पिळला, शेपूट वळलं, पंख वर आला. बांधापाशी ते हलकेच गवतात टेकलं. नामदेवभाऊंनी टोपी काढून हातात घेतली होती.

आपांनी किती लांब गेलं ते विचारलं नाही. पंखांवरून थरथरता हात फिरवला, प्रत्येक तार चाचपली. "काही मोडलं नाही," त्या म्हणाल्या.

पुढच्या हिवाळ्यात मालेगावच्या दवाखान्यात त्यांना शेवटचं भेटले. बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. चादरीवर हात सारखा हलत होता. मला बघवेना. मी तो दोन्ही हातांत आवळून धरला, थांबावा म्हणून. तो आणखीच हलायला लागला.

आपांनी डोळे उघडले. "घट्ट धरू नकोस, बेटा," म्हणाल्या.

मी बोटं सैल केली. त्यांचा हात माझ्या तळव्यावर हलत राहिला, आणि मी तो तसाच हलू दिला.