मिठाचा दोनचा आकडा

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही वेंगुर्ल्यात एका सरांकडे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास लावला होता. मिठागरं जवळच, म्हणून सर प्रत्येक उदाहरण मिठाचंच द्यायचे. मिठाचे पाण्यात दोन आयन होतात. उत्कलनांकातली वाढ काढा की परासरण दाब, दोननं गुणायचं, हे आमच्या अंगवळणी पडलं.

एकदा चाचणीत कॅल्शियम क्लोराइड आलं. ०.१ मोलल द्रावण, पाण्याचा स्थिरांक ०.५२, उत्कलनांक किती? पर्याय १००.०५२, १००.१०४ आणि १००.१५६ अंश. त्याचे आयन तीन होतात, म्हणून मी शेवटचा निवडला. सरांनी काट मारली. यात क्लोराइड दोन असतात, असं मी उठून म्हटलं, तर म्हणाले, "शहाणपणा पुरे, खाली बस." ऐकून घ्यायला त्यांचं काय जात होतं, मला अजून कळलेलं नाही.

खऱ्या परीक्षेत तोच प्रश्न आला. माझ्याहून हुशार असलेली मैत्रीण हसत बाहेर आली. "सरांचोच प्रश्न इलो गो. दोनान गुणलंय."

तिची सीट थोडक्यात हुकली. सर मात्र पुढे कित्येक वर्षं नव्या मुलांना अभिमानानं सांगायचे, परीक्षेतला प्रश्न आपण आधीच करून घेतला होता.