फॉर्मातली तिसरी ओळ

बीडच्या बस स्टँडमागे झेरॉक्सच्या दुकानावर माझी एक खोली आहे. तिथं बसून मी क्लासवाल्यांच्या, दवाखान्यांच्या, साडीच्या दुकानांच्या जाहिराती लिहिते आणि फोनवर चालवते. माझा स्वभाव तापट, हे सगळ्यांना माहीत आहे. गिऱ्हाईक आकड्यांशी वाद घालायला लागलं की माझं डोकं फिरतं. पण एका गिऱ्हाइकापुढं मी आवाज चढवू शकत नव्हते, कारण तिनं मला गणित शिकवलं होतं.

बाई रिटायर झाल्या आणि त्यांनी बारावी झालेल्या मुलींसाठी भरती परीक्षेचा क्लास काढायचं ठरवलं. पेन्शनच्या पैशांतून एक हॉल घेतला. हॉलमालकानं अट घातली, महिनाअखेरपर्यंत वीस मुली आल्या नाहीत तर हॉल दुसऱ्या क्लासला देणार. बाईंकडे तेव्हा तीन मुली होत्या, त्यातली एक भाचीच. "लेकी, तुझ्या त्या व्हिडिओनं काही होतंय का बघ," म्हणाल्या. ज्या बाईनं कधी कुणाला एक शब्द टाकला नव्हता, ती माझ्या खोलीत स्टुलावर बसून हे म्हणत होती. मी लगेच हो म्हटलं.

पहिला व्हिडिओ बाईंच्या मनासारखा झाला. आमच्याकडं कुठलंही काम सुरू करताना आधी महापुरुषांच्या फोटोला हार, मग मेणबत्ती, मग हात जोडायचे. बाईंनी तेच केलं. हार, मेणबत्ती, उदबत्ती, नमस्कार, आणि मग "मी इतकी वर्षं अध्यापन केलं" इथून सुरुवात. एकूण चाळीस सेकंद. मी बीड आणि आसपासच्या गावांतल्या अठरा ते पंचवीस वयाच्या मुलींपुढं तो टाकला, तीन दिवसांसाठी दीड हजार रुपये लावले.

तीन दिवसांनी आकडे उघडले. माणूस सरासरी चार सेकंद थांबत होता. हार पूर्ण घालून व्हायच्या आत बोट वर सरकत होतं. लिंकवर बोट ठेवणारे शंभरात अर्धासुद्धा नव्हते. लिंक दाबल्यावर उघडणारे चौकशीचे फॉर्म भरून आले सहा, म्हणजे एका चौकशीला अडीचशे रुपये पडले.

मी बाईंना स्क्रीनवरची उतरती रेघ दाखवली. "बघा, इथं लोक पळालेत. मेणबत्ती पेटायच्या आधीच. पहिलं काढा."

"काढू?" बाई म्हणाल्या. "नमस्कार काढू?"

"बाई, लोक पाया पडायला थांबत नाहीत हो. एवढा व्हिडिओ बघून तरी कुणाला कळतंय का क्लास कशाचा आहे ते?"

हे मी जरा जास्तच तोऱ्यात बोलले. बाईंनी त्या रेघेवरून बोट फिरवून बघितलं. मग म्हणाल्या, "काढ. पण शेवटी ठेव. जी शेवटपर्यंत थांबेल तिला दिसू दे."

मी नवीन लिहिलं. नेकनूरच्या बसमधून उतरलेली भाची चालता चालता कॅमेऱ्याकडं बघते आणि म्हणते, "दोनदा भरती हुकली. दोन्ही वेळा गणितात. आता क्लास लावलाय, मग कावून हुकंल?" मग बाई फळ्यावर एक अवघड गणित दहा सेकंदांत सोडवतात, आणि मेणबत्ती शेवटच्या तीन सेकंदांत. पुन्हा तेच प्रेक्षक, तेवढेच पैसे, तेवढेच दिवस. बघण्याचा वेळ सतरा सेकंदांवर गेला. लिंकवर बोट ठेवणारे शंभरात दोन झाले. मी खुर्चीत उडीच मारली. सांगते, असा आनंद मला स्वतःच्या निकालाला झाला नव्हता.

पण फॉर्म? फॉर्म आले सात.

अडीचशेच्या आसपास पोरींनी लिंक दाबली होती, आणि भरला सात जणींनी. एका चौकशीला दोनशेच्या वरच. महिनाअखेरीला नऊ दिवस राहिले होते आणि हॉलमालकाचा फोन आदल्याच दिवशी येऊन गेला होता. मी बाईंना म्हटलं, "शेवटचं वाक्य बदलू. 'आजच नोंदणी करा' जोरात म्हणायला पाहिजे. नाहीतर भाचीलाच बदलू."

बाईंनी चष्मा लावला. वहीच्या कागदावर तिन्ही आकडे एकाखाली एक लिहिले, शाळेत लिहायच्या तसेच. "थांब. बघतात का? बघतात. दाबतात का? दाबतात. मग व्हिडिओचं काम झालं की गं. गळती त्याच्या पुढं आहे. त्याला परत हात लावलास तर कशानं काय झालं तेच कळायचं नाही. फॉर्म दाखव."

आयला, खरंच. रोज लोकांना मीच हे सांगते. बघणारे पळाले तर सुरुवात बदला, दाबत नसतील तर बोलावणं बदला, दाबून भरत नसतील तर फॉर्म बघा. आणि बाईंच्या क्लासची वेळ आली तेव्हा माझी अक्कल कुठं गेली होती कुणास ठाऊक.

फॉर्म काढला. दुसऱ्या एका क्लाससाठी मागं बनवला होता, तोच नाव बदलून लावला होता. नाव. गाव. तिसरी ओळ, भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही अशी: वडिलांचा मोबाईल नंबर.

बाईंनी ती वाचली. परत वाचली. मग माझ्याकडं बघितलं.

"ही ओळ तू टाकलीस?"

"सगळेच टाकतात बाई."

"पाचवीत तुझा फॉर्म मी भरला होता. आठवतंय?"

आठवत होतं. माझे वडील मी दुसरीत असताना गेले. पाचवीला प्रवेश घेताना कारकून म्हणाला, वडिलांची सही लागेल, रकाना रिकामा चालणार नाही. आई दाराजवळ पदर तोंडाला लावून उभी होती. बाई वर्गातून आल्या, त्यांनी कारकुनाच्या हातून फॉर्म घेतला, 'वडील' या शब्दावर रेघ मारली आणि वर 'आई' लिहिलं. आईचं पूर्ण नाव विचारलं. आईनं ते इतक्या हळू सांगितलं की बाईंना दोनदा विचारावं लागलं. बदललेल्या त्या एका ओळीमुळं मी शाळेत बसले, म्हणून आज खुर्चीत बसून आकडे वाचते. आणि मीच वडिलांची ती जुनी ओळ अडीचशे पोरींपुढं भिंतीसारखी उभी केली होती. मला बाईंच्या मेणबत्तीची लाज वाटली होती, आणि माझ्या ओळीची काही वाटली नव्हती. तोंड लपवावंसं वाटलं.

चालू असलेला फॉर्म मध्येच बदलता येत नाही, म्हणून त्याची प्रत काढली. व्हिडिओ तोच ठेवला, पैसे तेवढेच. बदलली फक्त तिसरी ओळ. ती बाईंनी सांगितली आणि मी टाईप केली: 'प्रवेशाबद्दल कुणाशी बोलायचं? त्यांचा नंबर आणि बरी वेळ सांगा.'

तीन दिवसांत चौतीस फॉर्म आले. चौकशीचा खर्च पन्नासच्या आत. महिनाअखेरीला बावीस मुली झाल्या आणि हॉल बाईंकडं राहिला.

पण मला तो आकडा तितका आठवत नाही. मला आठवतात ती उत्तरं. कुणी लिहिलं, 'मोठी बहीण'. कुणी लिहिलं, 'आई, पण ती रानात असती, सांजच्याला करा'. एका लग्न झालेल्या मुलीनं लिहिलं, 'घरी फोन लावू नका, दुपारी दोननंतर मला करा'. आणि सगळ्यात पहिला जो आला, त्यात कुणाशी बोलायचं या प्रश्नापुढं एवढंच होतं: 'माझ्याशीच'.

तो फोन बाईंनी स्वतः लावला. मी शेजारी बसले होते. पलीकडून काहीतरी घाबरत विचारलं गेलं असावं, कारण बाई लगेच म्हणाल्या, "न्हाई गं, चुकून नाही लावला. तुझ्याशीच बोलायचंय."