काउंटर बंद झाल्यावर

दोन हजारच्या दशकाच्या शेवटी मी कोल्हापूरच्या विमानतळावर एका छोट्या विमान कंपनीच्या काउंटरवर बसत होते. दुपारी मुंबईहून पंख्याचं लहान विमान यायचं आणि तेच माणसं घेऊन परत जायचं. तेवढ्या एका विमानासाठी रोज एक भांडण ठरलेलं असे. काउंटर बंद झाल्यावर कुणीतरी घामाघूम होऊन यायचा आणि विचारायचा, "ओ मॅडम, इमान तर अजून आलंबी न्हाई, मग दार कशापायी लावलंयसा?"

माझा स्वभाव तिखट. "पावणं, ही एसटी न्हाई, खिडकीतनं रुमाल टाकायला," असं मी ऐकवायची. मग समजावूनही सांगायची. काउंटर बंद झाल्याशिवाय माणसं किती आणि बॅगा किती, हे नक्की होत नाही. ते नक्की झाल्याशिवाय वजनाचा हिशेब होत नाही. लहान विमानात पुढं-मागं किती भार आहे हे वैमानिकाला आधी कळावं लागतं. बॅगा तपासून गाडीवर चढवाव्या लागतात. विमान उतरलं की थोड्या वेळात परत उडायचं, म्हणून हे सगळं ते यायच्या आतच आवरावं लागे. माणसं विमानात चढायला लागतात तेव्हा आमचं काम संपलेलं असतं.

त्याच सुमारास इंटरनेटवरचं चेक-इन आलं होतं. आदल्या दिवशी ते उघडायचं आणि उड्डाणाच्या बरंच आधी बंद व्हायचं. घरी बसून कुणीही कुणासाठीही ते करावं. मला ते तेव्हापासूनच आवडत नव्हतं. काउंटरवर माणूस समोर दिसतो. कॉम्प्युटरला काही दिसत नाही. बटण दाबून आला म्हटलं की तो आला.

एका कडक उन्हाच्या दिवशी यादीत असंच एक जोडपं होतं. शेजारशेजारच्या जागा, दोघांचंही चेक-इन आदल्या दिवशीच झालेलं. नवऱ्यासाठी व्हीलचेअर मागितली होती. मी ती आणून काउंटरजवळ ठेवली. माणसं येत गेली, बॅगा जात गेल्या, पण खुर्ची रिकामीच. काउंटर बंद करायच्या आधी मी माइकवरून दोघांची नावं पुकारली. आधी त्याचं, मग तिचं. हॉल जवळजवळ मोकळा होता. भोंग्यातून निघालेला माझाच आवाज पत्र्याला आपटून परत येत होता, आणि तो माझा वाटत नव्हता. कोपऱ्यात लुगड्यातली एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान वर केली, खुर्चीकडं पाहिलं आणि पदर कपाळावर आणखी खाली ओढला. एकटीच दिसते, ही ती नव्हे, असं मला वाटलं. मी आणखी दोनदा पुकारलं. कुणीही ओ दिली नाही.

काउंटर बंद केलं. आकडे आत, वजनाचा हिशेब करणाऱ्या साहेबांकडं गेले.

थोड्याच वेळात तीच बाई सुरक्षा तपासणीतून परत आली. तिच्या पिशवीत विळा निघाला होता. हातातल्या सामानात लोखंडी धारेची वस्तू चालत नाही, काउंटरवर जाऊन सामानात द्या, असं तिला आत सांगितलं होतं. तिच्या हातातल्या कागदावरचं नाव वाचलं आणि माझं डोकंच तापलं.

"मावशी, तीनदा पुकारलं की तुम्हाला! ओ का दिली नाही?"

"हाक मारणारं मानूस दिसंना, मग ओ कशी देऊ?" ती म्हणाली. "आमच्यात देत न्हाईत."

ते मलाही माहीत होतं. मळ्यात राहणारी माणसं न दिसणाऱ्या हाकेला ओ देत नाहीत. माझी आईही देत नसे; ओ दिली की हाक मारणारं घेऊन जातं, म्हणायची.

"आनि पयलं त्येंचं नाव घेतलंसा," ती हळू आवाजात म्हणाली. "मला वाटलं, न्ह्यायला आलं."

"मालक कुठं आहेत? त्यांच्यासाठी खुर्ची काढून ठेवलीय."

ती म्हणाली, "त्येस्नी जाऊन महिना झाला न्हाई अजून."

मग तिनं सांगितलं ते असं. तिच्या लेकीचं पहिलंच बाळंतपण होतं. दोघांची तिकिटं कधीच काढून ठेवलेली. लेक सकाळीच मुंबईच्या दवाखान्यात दाखल झाली होती. जावयानं चेक-इन करताना सवयीनं दोन्ही नावांवर खूण केली होती. म्हणजे आमच्या हिशेबात तो माणूस हजर होता. त्याला जागा होती, वजन होतं. मी त्याला तीनदा बोलावलंसुद्धा होतं.

"ह्यो त्येंचा इळा हाय," ती म्हणाली. "जल्मभर वैरण कापली ह्येनं. बाळंतिणीच्या उशाला लोखंड पायजे. पोरगी एकटी हाय तितं."

मी साहेबांना बाहेर बोलावलं. गृहस्थ वाईट नव्हते, पण नियमाला पक्के. त्यांनी नवऱ्याचं नाव खोडलं आणि कागद दुरुस्त केला. "कमी करता येतं," ते म्हणाले, "वाढवता येत नाही. बॅगा तपासायचं यंत्र बंद झालं, बॅगांची गाडी गेली. आत्ता एक पिशवी घेतली तर सगळं पुन्हा." एरवी हेच वाक्य मी लोकांच्या तोंडावर फेकत असे. त्या दिवशी ते ऐकताना मला राग आला, आणि राग कुणाचा ते कळेना.

"मावशी, विळा ठेवून जा, नाहीतर विमान सोडा," मी म्हणाले. "रात्रीच्या गाडीनं विळा नेता येईल, पण पोचाल उद्याच."

बाहेर विमान उतरल्याचा आवाज आला. काचा थरथरल्या. ती जागची हलली नाही. मग तिनं विळा दोन्ही हातांनी धरला, व्हीलचेअरपाशी गेली आणि तो बैठकीवर ठेवला. समोर वाकली आणि नवऱ्याचं नाव घेतलं. स्पष्ट, मोठ्यानं. तिच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, उखाण्यातसुद्धा लाजत घेतात. हिनं हाकच मारली.

"तुमचं इमान न्हाई ह्ये. तुमी हितंच ऱ्हावा. पोरीकडं मी जाते."

आणि ती मागं न बघता आत गेली.

विमान उडालं. खुर्ची आत न्यायचं काम माझं होतं. मी मुठींना हात लावला आणि काढून घेतला. हमाल आला, त्यानं विळ्याकडं पाहिलं आणि दुसरीकडं निघून गेला. साहेबही दारातूनच बघून आत गेले. मी शिकलेली, तोंडाची फटकळ बाई, पण त्या दिवशी मी त्या खुर्चीला वळसा घालून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी काउंटर उघडायच्या आधीच ऑफिसातला फोन वाजला. जावई होता. सासूबाई वेळेत पोचल्या, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, असं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, आईंना बोलायचंय.

पलीकडं बाळ रडत होतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "त्ये हाईत न्हवं हितंच?"

मी काचेतून पाहिलं. मोकळ्या हॉलमध्ये खुर्ची तशीच होती, विळा तसाच. आदल्या दिवशी खुर्चीचं तोंड काउंटरकडं होतं, एवढं मला पक्कं आठवत होतं. आता ते मावशी आत गेल्या त्या दाराकडं होतं.

"व्हय मावशी," मी म्हणाले. "हितंच हाईत. तुमी पोरीकडं बघा."