संदर्भ क्रमांक चौदा

सुरतेतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात जयश्री प्रबंधांच्या संदर्भसूच्या तपासते. एकदा तिने लाल पेन धरलं की भलेभले संशोधक गप्प होतात, अशी तिची ख्याती!

त्या दिवशी केतकी नावाच्या विद्यार्थिनीची सूची समोर आली. चौदावा आणि सदतिसावा संदर्भ एकाच लेखाचे. चौदावा प्रीप्रिंट, म्हणजे तज्ज्ञांनी तपासण्याआधी ऑनलाइन टाकलेली प्रत. सदतिसावा तोच लेख, पुढे नियतकालिकात छापून आलेला. असं रोजच होतं. छापलेला ठेवायचा, प्रीप्रिंट त्यात विलीन करायचा, दोन मिनिटांचं काम.

पण चौदाव्यात तिसरं नाव गोपालचं होतं. तिच्या धाकट्या भावाचं. बमरोलीच्या खाडीतलं, कापड गिरण्यांच्या रंगांनी रंगलेलं पाणी बाटल्यांत भरून आणणारा प्रयोगशाळा सहायक गोपाल. लेख छापून येण्याआधीच तो काविळीने गेला, आणि छापताना प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी त्याचं नाव लेखकांतून काढून खाली आभारांत टाकलं. मेलेल्या माणसाला भांडायला कुठे येतं!

जयश्रीला रडू आलं नाही. दीड वर्ष झालं, येतच नाही. तिने दोन्ही प्रती शेजारीशेजारी उघडल्या. प्रबंधात वापरलेली एखादी गोष्ट फक्त प्रीप्रिंटमध्ये असेल, तर तो संदर्भ ठेवणं रास्तच. ती ओळ न् ओळ वाचत गेली.

आणि सापडली! केतकीने लिहिलं होतं, एकेचाळीस नमुने, प्रीप्रिंटमध्ये होते तेवढेच. छापलेल्या लेखात चौतीसच.

पण मग तिने छापलेल्या लेखातली तळटीप वाचली. सात बाटल्यांची झाकणं सैल निघाली होती, म्हणून ते नमुने बाद केले होते. म्हणजे केतकीचाच आकडा चुकलेला.

"मॅडम, दोन्ही राहू द्या ना," टेबलापलीकडे बसलेली केतकी म्हणाली. "कोण बघतंय?"

"मी बघतेय ना! आकडा चौतीस कर." असं म्हणून जयश्रीने छापलेली नोंद मुख्य धरली आणि दोन्ही विलीन केल्या. सूचीतून गोपाल गेला. प्रीप्रिंट ऑनलाइन राहतो, तिथून त्याला कुणी काढत नाही. पण तिथे बघायला जातं कोण?

घरी आई, सुंदराबाई, मेथी निवडत बसली होती. गोपालच्या कामावर कुणी मोठं पुस्तक लिहितंय, एवढं तिला जयश्रीनेच मागे सांगितलं होतं. तेव्हापासून ती रोज आपल्या अहिराणीत एकच विचारायची.

"मना गोपालनं नाव शे ना त्यामां?"

"होतं, आई. आज मी काढलं."

सुंदराबाईचा हात थांबला. "तू?"

"हो. मीच."

मग आईने मेथीची अर्धी जुडी उचलून जयश्रीपुढे ठेवली, आणि दोघी पानं खुडत बसल्या.